मलेशिया खोडला तरी निबंध तसाच राहिला

एमएच्या दुसऱ्या वर्षाला तौलनिक निबंध होता, दोन देशांचं औद्योगिक धोरण घ्यायचं आणि तीन हजार शब्दांत तुलना करायची. मी दक्षिण कोरिया आणि मलेशिया घेतले आणि त्यातही फक्त मोटार उद्योग, कारण सगळं धोरण तीन हजारांत बसणारच नव्हतं आणि मोटारीचं कसं, दोन्हीकडे एकेक ठसठशीत गाडी आहे, ह्युंदाईची पोनी आणि प्रोटॉनची सागा. वाचन भरपूर झालं होतं, नोट्स दोन वह्या भरून. पहिला ड्राफ्ट चार दिवसांत लिहून काढला आणि मला वाटलं झालं काम.

मॅडमनी तो वाचला, काही बोलल्या नाहीत, पेन्सिल घेतली आणि पान पाचपासून पान आठपर्यंत एक मोठी आडवी रेघ मारली. तो सगळा मलेशियाचा भाग होता.

"आता मला सांग, हे काढलं तर कोरियाच्या भागातलं एक तरी वाक्य बदलावं लागेल का तुला?"

मी पानं पुढेमागे केली. खरंच नव्हतं लागत. एकही नाही.

"मग हे दोन निबंध आहेत, एका पिनेने जोडलेले," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं.

ही खोडण्याची परीक्षा मी तेव्हापासून सगळीकडे लावते. माझा आराखडा तेव्हा असा होता, जो बहुतेक सगळ्यांचाच असतो: प्रस्तावना, कोरिया, मलेशिया, साम्य आणि फरक, निष्कर्ष. कोरियाच्या भागात १९६१ चं पार्क चुंग-ही यांचं लष्करी बंड, बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९६२ ची पंचवार्षिक योजना, १९७३ ची जड आणि रासायनिक उद्योगांची मोहीम, मग पोनी. मलेशियाच्या भागात १९७१ चं नवं आर्थिक धोरण, १९८० ला हायकॉम म्हणजे जड उद्योगांचं सरकारी महामंडळ, १९८१ ला महाथिर पंतप्रधान, मग जपान आणि कोरियाकडून शिकायचं 'पूर्वेकडे पहा' धोरण, १९८३ ला प्रोटॉनची स्थापना, १९८५ ला सागा. सगळं बरोबर होतं हो, एकही साल चुकलं नव्हतं, पण बरोबर असणं म्हणजे काही म्हणणं मांडणं नव्हे हे मला तोवर कुणी इतकं चोख दाखवलं नव्हतं. आणि 'साम्य आणि फरक' या भागात मी काय केलं होतं तर वरचंच परत लिहिलं होतं, फक्त मध्ये 'याउलट' टाकून.

मग मी जो उपाय केला तो पण सगळेच करतात, आणि त्यात माझे आणखी दहा दिवस गेले. देशांप्रमाणे भाग पाडण्याऐवजी मुद्द्यांप्रमाणे पाडले. संरक्षण: कोरिया, मलेशिया. भांडवल: कोरिया, मलेशिया. तंत्रज्ञान: कोरिया, मलेशिया. दिसायला एकदम तौलनिक! पण वाचायला घेतलं तर झेब्रा क्रॉसिंग, एक काळा पट्टा एक पांढरा, आणि शेवटी रस्ता ओलांडून पोचलो कुठे तर कुठेच नाही. खोडण्याची परीक्षा इथेही लावली, प्रत्येक मुद्द्यातला दुसरा पट्टा काढला, बाकीचा तसाच उभा राहिला. म्हणजे पट्टे बारीक झाले एवढंच, निबंध दोनच राहिले. तेव्हा कळलं की अडचण भागांच्या क्रमात नाहीये, अडचण अशी की मी प्रश्नच विचारलेला नाही. 'तुलना करा' हा प्रश्न नव्हे, ते काम आहे.

प्रश्न सापडला तो मित्सुबिशीमुळे. नोट्स परत चाळताना दोन्ही वह्यांत तेच नाव दिसलं. पोनीचं इंजिन मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानाचं. सागा म्हणजे तर जवळपास मित्सुबिशीची लान्सर फिओरेच. दोन्ही देशांनी परदेशी गाड्यांना दार बंद केलं, दोन्हीकडे सरकारने 'आपली' गाडी हवी म्हणून जोर लावला, दोघांनी एकाच जपानी कंपनीचा हात धरला, आणि तरी ह्युंदाईने १९७६ ला इक्वेडोरला पहिल्या पोनी पाठवल्या आणि १९८६ ला एक्सेल अमेरिकेत उतरवली, पहिल्याच वर्षी तिथे सुमारे १ लाख ६८ हजार गाड्या विकल्या. प्रोटॉनने काही वर्षांतच घरचा निम्म्याहून जास्त बाजार घेतला पण बाहेर म्हणाल तर ब्रिटन वगैरे ठिकाणी थोड्याफार गाड्या, अमेरिकेत जायचा बेत फसला. आता इथे प्रश्न आहे. इतकं सगळं सारखं असताना निकाल वेगळा का? जे सारखं आहे तेच इथे कामाचं, कारण सारखी गोष्ट वेगळ्या निकालाचं कारण असू शकत नाही, निदान एकटी तरी नाही. माझ्या जुन्या ड्राफ्टमध्ये साम्य हा शेवटचा उपचार होता, पान भरायचा, आणि आता साम्य पहिल्या पॅरात आलं आणि त्याने संरक्षण आणि परकीय तंत्रज्ञान हे दोन मुद्दे दोन वाक्यांत निकालात काढले, ज्यांच्यावर मी आधी बाराशे शब्द खर्चले होते.

बरं, प्रश्न सापडला म्हणून लगेच लिहायला बसले तर परत अडकले, आणि हे अडकणं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. 'कोरिया यशस्वी, मलेशिया अयशस्वी' असं मी सरळ लिहिलं होतं. मैत्रिणीने वाचून विचारलं, यशस्वी म्हणजे नक्की काय गं? मी म्हटलं तंत्रज्ञान शिकले ना ते, स्वतःचं इंजिन केलं. ती म्हणाली कधी? मी शोधलं. ह्युंदाईचं स्वतःचं अल्फा इंजिन १९९१ ला आलं, पोनीनंतर सोळा वर्षांनी. प्रोटॉनचं कॅम्प्रो इंजिन २००४ ला, सागानंतर एकोणीस वर्षांनी. सोळा आणि एकोणीस! म्हणजे 'स्वतःचं इंजिन किती वर्षांत' हे मोजमाप धरलं तर माझा आख्खा फरक तीन वर्षांवर येतो आणि तीन वर्षांसाठी कुणी तीन हजार शब्द लिहीत नाही. (ते इंजिन कसं होतं, कुणाची मदत होती, हे वेगळं, पण वाचणारा तारखाच आधी बघणार.) मग मला ठरवावं लागलं की मी मोजतेय काय, आणि मी ठरवलं: पहिली गाडी आल्यापासून साधारण दहा वर्षांत परदेशी गिऱ्हाईक मोठ्या संख्येने त्या कंपनीची गाडी घेतंय का. एवढंच. नफा नाही, इंजिन नाही, राष्ट्रीय अभिमान नाही. हे वाक्य पहिल्या पॅरात शेवटी टाकलं आणि नंतर जे जे या वाक्याशी संबंधित नव्हतं ते आपोआप गळायला लागलं, प्रोटॉनने १९९६ ला लोटस विकत घेतली वगैरे चमचमीत गोष्टी गेल्या. वाईट वाटलं, खोटं का बोलू.

आता खरं काम. कारणं. वर्णन करणारा निबंध देशांना रांगेत उभं करतो. मला इथे कारणांना उभं करायचं होतं, एकेकाला बोलवायचं, दोन्ही देशांवर एकदमच तपासायचं आणि टिकलं नाही तर घरी पाठवायचं. त्यासाठी एक नियम घातला स्वतःला: कुठलाही पॅरा देशाच्या नावाने किंवा सालाने सुरू होणार नाही. पहिल्या ड्राफ्टमधल्या पॅरांची फक्त पहिली वाक्यं मी एका कागदावर उतरवली होती, चौदापैकी अकरा 'कोरियाने...', 'मलेशियात...' किंवा '१९७३ मध्ये...' अशी होती. ती वाक्यं सलग वाचली तर ती कालपटासारखी वाटतात, त्यातून कुणाशी वाद घालता येत नाही.

पहिलं कारण बाजाराचा आकार, कारण सगळे हेच म्हणतात, मलेशिया लहान म्हणून जमलं नाही. लोकसंख्या बघितली तर पटतं, सत्तरच्या दशकाच्या मध्याला कोरिया साधारण साडेतीन कोटी, ऐंशीच्या मध्याला मलेशिया दीड कोटी. पण गाड्या लोकसंख्येला विकल्या जात नाहीत, गाडी घेऊ शकणाऱ्याला विकल्या जातात. पोनी आली तेव्हा कोरियात मोटार घेणारं माणूस दुर्मीळ होतं, पहिल्या पूर्ण वर्षात म्हणजे १९७६ ला पोनी साधारण दहा हजारच विकल्या गेल्या. सागा येण्याआधीचा मलेशियाचा मोटार बाजार याच्या कितीतरी पट मोठा होता. म्हणजे सुरुवातीच्या क्षणी लहान बाजार कोरियाचा होता! हा मुद्दा मी आधी मलेशियाच्या भागात 'मर्यादा' म्हणून टाकला होता, बिनातपासणीचा, आणि तो उलटाच निघाला. दोन देश एकाच पॅरात आणले नसते तर हे दिसलंच नसतं, कारण वेगवेगळ्या पानांवर दोन्ही विधानं आपापल्या जागी खरी वाटतात. उलट यातून एक नवीन शंका निघाली की घरचा बाजार इतका लहान म्हणून तर ह्युंदाईला बाहेर जावंच लागलं नसेल? ती मी तशीच लिहिली, पुढे वापरायला.

दुसरं कारण वेळ. मलेशियाचं नशीब खराब होतं असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाहीये. सागा आली त्याच वर्षी मंदी, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये प्लाझा करार, म्हणजे डॉलर उतरवायचा मोठ्या देशांनी केलेला करार, त्यानंतर येन झपाट्याने महागला. प्रोटॉन सुटे भाग जपानकडून येनमध्ये घेत होती, त्यामुळे गाडी विकायच्या आधीच खर्च वाढला. इथे मी अडखळले कारण हे कारण मला खरंच पटत होतं. मग मॅडमचं एक वाक्य आठवलं की धक्का हा चांगला साक्षीदार असतो, फक्त दोघांनाही विचार. महागलेल्या येनने ह्युंदाईचं काय केलं? तर भलं केलं. अमेरिकेत जपानी गाड्यांवर १९८१ पासून संख्येची मर्यादा होती, त्यात येन महागला, जपानी कंपन्या महागड्या गाड्यांकडे वळल्या आणि खालची स्वस्त जागा रिकामी झाली, तिथे १९८६ ला एक्सेल जाऊन बसली. ह्युंदाई पण जपानी भाग वापरत होती, पण तोवर गाडीचा बराच मोठा हिस्सा घरी बनत होता. म्हणजे एकच धक्का, एकाला बुडवतो, दुसऱ्याला वर काढतो. मग धक्का हे कारण नाही राहत, धक्का बसताना दोघे कुठल्या अवस्थेत उभे होते ते कारण होतं. हा पॅरा मी आख्ख्या निबंधातला सगळ्यात चांगला पॅरा समजते, आणि गंमत म्हणजे यातली प्रत्येक माहिती माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही होती, फक्त प्लाझा करार दोन वेगवेगळ्या पानांवर दोनदा आला होता आणि एकमेकांशी बोलत नव्हता.

फरक कसा पडतो ते दाखवते. पहिल्या ड्राफ्टमधलं वाक्य: 'मलेशियात १९८५ नंतर येन महागल्याने प्रोटॉनचा खर्च वाढला व कंपनी अडचणीत आली.' शेवटच्या ड्राफ्टमधलं: 'येन महागणं हे प्रोटॉनच्या अडचणीचं कारण मानलं, तर त्याच महिन्यांत ह्युंदाई अमेरिकेत का शिरली हे सांगता येत नाही.' दुसऱ्या वाक्यातून मलेशिया काढून बघा. वाक्यच उरत नाही.

मग माझं स्वतःचं कारण. सुरुवातीला मी लिहिलं होतं की कोरियाचं सरकार शिस्तीचं होतं, मलेशियाचं नव्हतं. ही शिस्तीची कल्पना माझी नाही, एलिस ॲम्सडेन यांनी कोरियावर लिहिताना ती मांडली, की सरकार अनुदान देत होतं पण बदल्यात कामगिरी मागत होतं. पण मी ती वापरत होते कशी? ह्युंदाई यशस्वी झाली म्हणजे शिस्त होती, प्रोटॉन नाही झाली म्हणजे नव्हती. हे गोल गोल फिरणं आहे. मॅडमनी मार्जिनमध्ये फक्त लिहिलं होतं, 'निकाल झाकून ठेव आणि मग शिस्त दाखव.' म्हणजे निर्यातीचे आकडे माहीतच नाहीत असं समजून, १९७५ ला किंवा १९८५ ला उभं राहून, शिस्त दिसेल अशी खूण शोधायची.

खूण सापडली ती एका कारखान्याच्या पाटीवर. कोरियात बुप्योंगला एक मोटार कारखाना आहे. १९६२ ला तो साएनारा कंपनीचा होता, निसानच्या मदतीने चालणारा. ती बुडाली, कारखाना शिंजिनकडे गेला, टोयोटाबरोबर. टोयोटा १९७२ ला निघून गेली, मग अमेरिकेच्या जनरल मोटर्सबरोबर, नाव जीएम कोरिया. शिंजिन पैशात अडकली तेव्हा १९७६ ला तिचा हिस्सा सरकारी बँकेने घेतला, नाव साएहान झालं, आणि १९७८ ला तो देवू या उद्योगसमूहाकडे दिला. सोळा वर्षांत तोच कारखाना आणि पाटी इतक्यांदा बदलली! आणि १९८१ ला सरकारने कियाला सांगितलं की तुम्ही मोटारी बनवायच्या नाहीत, छोटे ट्रक आणि व्हॅन बनवा, आणि किया ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मोटारींपासून बाहेर राहिली. म्हणजे तिथे मालकाला माहीत होतं की आपल्याला बदलता येतं. हे सगळं एक्सेलच्या आधीचं आहे, निकाल झाकलेला आहे, आणि तरी दिसतंय.

मलेशियात ही पाटी बदलणार कोण? प्रोटॉनचा ७० टक्के हिस्सा हायकॉमचा, म्हणजे सरकारचाच, उरलेला ३० टक्के मित्सुबिशीच्या दोन कंपन्यांचा. स्पर्धक म्हणावा असा दुसरा देशी कारखानदार नाही. शिवाय कंपनीवर दुसरंही काम सोपवलेलं होतं, १९७१ च्या धोरणानुसार भूमिपुत्रांना, म्हणजे मलय आणि इतर मूळ रहिवासी, ज्यांना तिथे बुमिपुत्रा म्हणतात त्यांना, उद्योगात आणायचं. ते काम वाईट असं मी म्हणत नाहीये, पण निर्यात नाही झाली म्हणून तिला शिक्षा करायची तर दुसरं कामही बंद पडतं, आणि शिक्षा करणाराच मालक. माझं कारण तेव्हा बदललं, आणि बारीक झालं: प्रश्न सरकार कडक होतं की ढिलं हा नाही, प्रश्न हा की सरकारच्या हातात दुसरा पर्याय होता का. ज्याच्याकडे बदली खेळाडू नाही त्याला कुणाला बाहेर बसवता येत नाही, कितीही कडक असो.

हे 'बारीक होणं' मी मुद्दाम सांगतेय कारण त्याने कोरियाचा भागही बदलला. १९८० ला सरकारने ह्युंदाई आणि साएहान यांना एकत्र करायचं ठरवलं होतं आणि ते जमलं नाही, साएहानमधली भागीदार जीएम, तिच्याबरोबर व्यवस्थापन कुणाच्या हातात यावर फिसकटलं. माझ्या जुन्या 'शिस्तप्रिय सरकार' या मांडणीत ही घटना अडचण होती म्हणून मी ती गाळली होती, चक्क गाळली. नव्या मांडणीत ती उलट कामाला येते: सरकारला हवं ते सगळं होत नव्हतं, आणि ते विलीनीकरण झालं असतं तर सरकारने आपल्याच हाताने आपला पर्याय घालवला असता.

इथवर मी खूश होते. निबंध आता फिरवला होता, मलेशिया काढला तर पडत होता. मग मैत्रिणीने, तीच ती, पोस्कोचं नाव काढलं.

पोस्को म्हणजे पोहांगचा पोलाद कारखाना. १९६८ ला स्थापन, १९७३ ला उत्पादन. सरकारी. एकटाच. त्याला पर्याय नव्हता, त्याला शिक्षा करायची तर मालक सरकारच. म्हणजे माझ्या कारणानुसार पोस्कोचं प्रोटॉन व्हायला हवं होतं, आणि ती तर जगातल्या सगळ्यात किफायतशीर पोलाद कंपन्यांपैकी एक झाली. मी दोन दिवस त्या निबंधाकडे बघितलं नाही.

पहिली युक्ती नेहमीची सुचली, शेवटी 'मर्यादा' नावाचा एक परिच्छेद टाकायचा, पोस्को हा अपवाद आहे आणि अधिक संशोधनाची गरज आहे, नमस्कार. तसं लिहून मॅडमकडे नेलं.

"अपवाद का आहे?"

"मॅडम, ते शोधायला वेळ नाही मिळाला."

"हा तुझ्या निबंधातला एकमेव प्रसंग आहे जो तुझ्या विरोधात जातो आणि तो तू दारामागे उभा केलायस. त्याला मध्ये आण, बसव, आणि विचार."

मग कागदावर चार चौकोन काढले. कोरियाच्या मोटारी, अनेक कंपन्या. मलेशियाच्या मोटारी, एक सरकारी कंपनी. कोरियाचं पोलाद, एक सरकारी कंपनी. चौथा चौकोन मलेशियातलं पाम तेल, जिथे सत्तरच्या दशकात सरकारने कच्च्या तेलाच्या निर्यातीवर शुल्क लावलं, शुद्ध केलेल्याला सवलत दिली, बऱ्याच रिफायनऱ्या उभ्या राहिल्या आणि ऐंशीच्या दशकात निर्यात बहुतेक प्रक्रिया केलेल्या तेलाचीच होत होती. पाम तेलाने माझा एक वेगळा शत्रू मारला, 'मलेशियाच्या सरकारला औद्योगिक धोरण जमतच नाही' हे म्हणणारा, कारण तेच सरकार, जवळपास तोच काळ, आणि तिथे जमलं. पण माझं कारण सिद्ध करायला पाम तेलाचा उपयोग नाही, तिथे कंपन्याही अनेक होत्या आणि यशही होतं, त्यामुळे ते माझ्या बाजूचं दिसतं पण नवीन काही सांगत नाही. बोलतो तो फक्त पोस्कोचा चौकोन.

आणि तो बोलला ते असं: पोलाद टनावर विकलं जातं. एका टनाची जगात काय किंमत आहे ते उद्या सकाळी कुणालाही कळतं, आणि पोस्कोचं गिऱ्हाईक कोण तर घरचेच जहाज बांधणारे आणि मोटारी बनवणारे, जे स्वतः निर्यातीवर जगत होते, त्यांना महाग किंवा वाईट पोलाद दिलं तर ओरड सरकारपर्यंत लगेच जाणार. म्हणजे पोस्को चांगली चाललीय का हे बघायला दुसरी पोस्को लागत नाही. मोटारीचं तसं नाही. बंद बाजारातली गाडी चांगली आहे की लोकांना दुसरी मिळतच नाही म्हणून विकली जातेय हे तिच्या विक्रीवरून कळत नाही, त्यासाठी शेजारी दुसरी कंपनी लागते किंवा मग परदेशातलं गिऱ्हाईक. तर माझं विधान शेवटी असं झालं: जिथे मालाची गुणवत्ता जगाच्या भावावरून थेट दिसत नाही, तिथे संरक्षण देणाऱ्या सरकारकडे पर्यायी कंपनी नसेल तर संरक्षण संपवायची वेळ कधी आली हेच त्याला कळत नाही. आधीच्यापेक्षा लहान विधान आहे. सगळ्या औद्योगिक धोरणाला लागू होत नाही, पोलादाला तर नाहीच. पण त्यावर कुणी वाद घालू शकतं, आणि घातला तर मी काय दाखवेन हे मला माहीत होतं.

पोस्कोचा पॅरा मग बरोबर मध्यात गेला, माझ्या कारणाच्या लगेच नंतर, आणि त्यामुळे शेवट बदलला कारण निष्कर्षात आता तेच परत सांगायची गरज उरली नाही. त्याऐवजी मी पेरोदुआचा प्रसंग घेतला. १९९३ ला मलेशियात ही दुसरी मोटार कंपनी निघाली, दाइहात्सूबरोबर, पण ती प्रोटॉनपेक्षा लहान गाड्यांच्या जागी बसवली, पहिली गाडी ६६० सीसीची कांचिल. म्हणजे दुसरी कंपनी आली पण समोर नाही आली, बाजूला आली. माझ्या कारणानुसार नुसती दुसरी कंपनी असून भागत नाही, ती पहिलीची जागा घेऊ शकेल अशी हवी, आणि पेरोदुआ २००६ ला विक्रीत प्रोटॉनच्या पुढे गेली ती तोवर तशी झाली होती म्हणून. शेवट तिथेच केला, त्या एका मुद्द्यावर.

बाजाराच्या लहानपणाची ती शंका, की घरी जागा नव्हती म्हणून ह्युंदाई बाहेर गेली, ती मात्र माझ्याकडून पूर्ण सुटली नाही. अर्धा पॅरा लिहिला की लहान बाजार ढकलतो हे खरं पण बाहेर तोटा सोसून विकायला पैसा कुणीतरी पुरवावा लागतो आणि तो कोरियात सरकारच्या ताब्यातल्या बँकांतून येत होता, आणि बँका पैसे देणार ते निर्यात बघून. बरा होता, पण त्यात निकाल झाकलेला नव्हता हे मला लिहितानाच कळत होतं, आणि मॅडमनी पण तिथेच गुण कापले.

शेवटच्या रात्री अजून दोनशे शब्द जास्त होत होते. 'कापलेलं' नावाची एक फाइल केली होती, त्यात तोवर साडेचार हजार शब्द जमले होते, निबंधापेक्षा जास्त. सगळ्यात शेवटी काढलेलं वाक्य होतं २०१७ चं, चीनच्या जीली या मोटार कंपनीने प्रोटॉनचे ४९.९ टक्के घेतल्याचं. ते मला शेवटचं वाक्य म्हणून फार आवडलं होतं, एकदम पडदा पडल्यासारखं. पण मी मोजत होते पहिली दहा वर्षं, आणि हे बत्तिसाव्या वर्षातलं. गेलं फाइलमध्ये.